पहिले भांडण आणि तीन दिवसांचा अबोला

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. दवाखान्यात सकाळची गर्दी ओसरत आली असताना एक सासूबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. सुनेच्या छातीत तीन दिवसांपासून धडधड होत होती. झोप नव्हती, जेवण जात नव्हते, सकाळी मळमळत होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि तिच्या आड थोडी आशाही होती. "डॉक्टर, काही गोड बातमी तर नाही ना?" त्यांनी हळूच विचारले.

गोड बातमी नव्हती. पाळी चार दिवसांपूर्वीच येऊन गेली होती. नाडी मिनिटाला १०४ होती, रक्तदाब थोडा चढलेला होता. हृदयाचा आलेख व्यवस्थित निघाला. रक्तात हिमोग्लोबिन १०.२ म्हणजे कमी होते, त्यासाठी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, तीही पुढे ठीक आली. परंतु रक्त एवढे कमी असल्याने जिना चढताना दम लागेल, नेमक्या एका रात्री साडेदहा वाजता धडधड सुरू होणार नाही. ती वेळ तिने स्वतःच सांगितली होती. म्हणून सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी तिला एवढेच विचारले, "त्या रात्री साडेदहाला काय झाले?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आले. चार महिन्यांपूर्वी वैशाखात लग्न झालेले. त्या रात्री नवरा-बायकोचे पहिले मोठे भांडण झाले होते, आणि तेव्हापासून घरात अबोला होता. तिने मला विचारलेला प्रश्न असा होता: "डॉक्टर, माझं लग्न चुकलं का?"

दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत येथे देत आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे जे करावे लागते ते सर्व या एका भांडणात आहे.

भांडण कशावरून झाले?

ती एका खाजगी शाळेत शिक्षिका, तो एका संस्थेत लेखनिक. लग्न झाल्यापासून दोघे दरमहा पाच-पाच हजार रुपये स्कूटरसाठी बाजूला टाकत होते. जोडखाते उघडायचे राहून गेले होते, त्यामुळे पैसे त्याच्या खात्यात जमा होत. चार महिन्यांत चाळीस हजार साठले. गणपतीच्या आधी त्याच्या बहिणीच्या सासऱ्यांचे ऑपरेशन ठरले, बहिणीने फोन केला आणि त्याने त्यातून तीस हजार पाठवून दिले. बायकोला सांगायचे त्याने टाळले. सणात कटकट नको, सणानंतर निवांत सांगू, असे त्याने मनाशी ठरवले होते. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. त्यावर बँकेचा संदेश आला आणि शिल्लक तिच्या दृष्टीस पडली.

पुढचे संभाषण दोघांनी मला वेगवेगळे सांगितले, पण शब्द जवळजवळ तेच होते.

"तुम्ही मला न विचारता पैसे दिले?"

"माझ्या बहिणीला दिले. त्यात विचारायचं काय?"

"त्यात माझेही पैसे होते."

"चार महिन्यांत तुझं-माझं करायला लागलीस?"

"तुमच्या घरात सगळेच लपवाछपवी करणारे आहेत. तुमच्या आईपासून!"

येथे तो उठला, मोटारसायकल काढली आणि काहीही न बोलता निघून गेला. परत आला तो साडेबाराला. तोपर्यंत तिने आईला फोन करून सर्व सांगितले होते. वडील व भाऊ रविवारी येऊन तिला घेऊन जातील असे ठरलेही होते. परत आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला म्हणण्यापेक्षा पडून राहिला. तीही जागीच होती. दुसऱ्या दिवसापासून "चहा ठेवलाय" आणि "हं" याखेरीज शब्द नाही.

रागात शरीराचे काय होते?

भांडण हा मनाचा विषय समजला जातो, परंतु त्या रात्री या दोघांचे जे बिघडले त्याचा मोठा भाग शरीरात घडला. समोरचा माणूस आपल्यावर चालून येत आहे असे मेंदूला वाटले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते. नाडी वाढते, कान गरम होतात, तोंड कोरडे पडते, हाताला कंप सुटतो. ही तयारी धावण्यासाठी वा झुंजण्यासाठी आहे, ऐकून घेण्यासाठी नाही. अशा अवस्थेत माणूस समोरच्याचे वाक्य अर्धेच ऐकतो आणि त्यातला बोचणारा अर्धा तेवढा पकडतो.

अमेरिकेतील जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून अनेक जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, अंगाला यंत्रे जोडून, त्यांच्यातल्या खऱ्या मतभेदांवर बोलायला लावले. भांडताना नाडी साधारण १०० च्या वर गेली की समजूतदार बोलणे जवळजवळ बंद पडते, असे गॉटमन यांनी नोंदवले आहे. एका प्रयोगात त्यांनी यंत्रात दुरुस्ती करायची आहे असा बहाणा करून भांडण मध्येच थांबवले आणि जोडप्यांना अर्धा तास मासिके वाचत बसवले. नंतर तीच माणसे तोच विषय बोलू लागली तेव्हा नाडी उतरलेली होती आणि बोलणेही बरेच निवळलेले होते. विषय बदलला नव्हता, माणसे बदलली नव्हती. मध्ये फक्त अर्धा तास गेला होता.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. नाडी मोजावी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत व दुप्पट करावेत. आकडा १०० च्या वर असेल तर त्या क्षणी एकही मुद्दा मांडू नये. मोजण्याइतके भान नसेल तर कान तापणे आणि आवाज चढणे या दोन खुणा पुरेशा आहेत.

मग आमच्या या गृहस्थाने उठून जाण्यात चूक काय केली? उठून जाणे चूक नव्हते, न सांगता जाणे चूक होते. दोन तास ती बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होती. अपघात झाला असेल का, मित्राकडे जाऊन माझी निंदा करत असतील का, परत येणारच नाहीत का, असे विचार तिच्या डोक्यात चालू होते. म्हणजे तो शांत होत असताना तिची नाडी वाढतच होती. तो परतला तेव्हा दोघांच्या शरीरांची वेळ जुळत नव्हती. रागात गाडी चालवण्याचा धोका आणखी वेगळा. हेच त्याला एका वाक्यात टाळता आले असते: "मला आत्ता बोलता येत नाही, गच्चीवर जातो, अर्ध्या तासाने येतो." या वाक्यात तीन गोष्टी आहेत. का जातो, कुठे जातो आणि केव्हा येतो. यातील शेवटची सर्वांत महत्त्वाची, आणि सांगितलेली वेळ पाळायची.

त्या अर्ध्या तासात उत्तरे जुळवत बसू नये. "आता गेलो की तिला असं सुनावतो" हे मनात घोकणाऱ्याची नाडी तासाभरानेही उतरत नाही. भांडी घासावीत, फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे. रात्रीचे अकरा वाजून गेले असतील तर भांडण मिटवूनच झोपायचे असा हट्टही धरू नये. थकलेल्या, झोप अनावर झालेल्या माणसांची भांडणे मिटत नाहीत, वाढतात. "उद्या संध्याकाळी सातला बोलू" असे ठरवून झोपावे. वेळ ठरली की झोप लागते.

विश्रांती आणि अबोला

आपल्याकडे अबोल्याला फार जुनी परंपरा आहे आणि पुष्कळ घरांत ते सभ्य भांडण मानले जाते. आरडाओरडा नाही, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही. परंतु अबोला आणि विश्रांती या दोन गोष्टी एक नाहीत. विश्रांतीला शेवटची वेळ असते. अबोल्याला ती नसते, आणि समोरच्याने आधी वाकावे ही त्यातली अट असते. त्यामुळे तो जितका लांबतो तितके पहिला शब्द बोलणे महाग होत जाते. चोवीस तासांच्या आत कोणीतरी एकाने तो मोडावा हे उत्तम. मोडणारा हरला असे होत नाही. विषय न काढता "जेवलीस का?" एवढे विचारले तरी दार उघडते.

या जोडप्यात एक नेहमीचे चक्र दिसले. ती उत्तर मागत होती, तो गप्प बसत होता. तो गप्प बसला की तिचा आवाज चढे, आवाज चढला की तो आणखी मिटे. प्रत्येकाला वाटत होते की सुरुवात दुसऱ्याने केली. गप्प बसणाऱ्याला काही वाटत नाही असा समज चुकीचा आहे. यंत्रे लावून पाहिले असता बाहेरून दगडासारख्या बसलेल्या माणसाची नाडी आतून धावत असल्याचे अनेकदा दिसते. मी तिला हे सांगितले तेव्हा ती प्रथमच थोडी थांबली. "म्हणजे त्यांनाही त्रास होत होता?" तिने विचारले.

बोलायला कसे बसावे?

त्या दिवशी मी सासूबाईंना रक्त कमी असल्याचे सांगितले, जे खरेच होते, आणि संध्याकाळी मुलाला औषध समजावून घेण्यासाठी पाठवायला सांगितले. तो आला. त्याच्याशी बोललो, आणि दोघांना रविवारच्या आत एकदा घराबाहेर बसून बोलायला सांगितले. तीन खोल्यांच्या घरात, पडद्याआड आई-वडील असताना, कोणतेही जोडपे मोकळे बोलू शकत नाही. ती दोघे शुक्रवारी संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्याने फिरायला गेली.

पहिला प्रयत्न फसला. तिने "तुम्ही नेहमीच मला परकं समजता" असे म्हणून सुरुवात केली आणि त्याने दुसऱ्याच वाक्याला "मी नेहमी? केव्हा?" म्हणून पकडले. दहा मिनिटांत दोघे परत. बोलणे ज्या सुरात सुरू होते त्याच सुरात बहुधा संपते, म्हणून पहिले वाक्य आधी ठरवून ठेवावे. "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द त्यात नसावेत. समोरचा माणूस कसा आहे हे सांगू नये. काय घडले आणि मला काय वाटले एवढेच सांगावे.

शनिवारी तिने असे म्हटले: "बँकेचा संदेश बघितला तेव्हा मला वाटलं, या घरात मी अजून पाहुणी आहे." त्याला उत्तर द्यायचे नव्हते, फक्त ऐकलेले परत सांगायचे होते. हा नियम मी घालून दिला होता: दहा मिनिटे एकाने बोलायचे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे, आणि बोलणाऱ्याने "हो, हेच" म्हटल्यावरच पाळी बदलायची. त्याने पहिल्यांदा सांगितले, "तुला स्कूटर लांबल्याचं वाईट वाटलं." ती म्हणाली, "नाही." दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मी विचारलं असतं तर तू दिलेच असतेस, पण मी विचारलंच नाही, याचं वाईट वाटलं." ती म्हणाली, "हो, हेच."

मग त्याची पाळी. वडील निवृत्त झाल्यापासून बहिणीची प्रत्येक अडचण त्याच्याकडेच येते. लग्नानंतर पहिल्याच वेळी "बायकोला विचारून सांगतो" म्हटले तर बहीण काय म्हणेल, मित्र काय म्हणतील, याची त्याला लाज वाटली होती. आणि ती आईबद्दल जे बोलली ते त्याला तीस हजारांपेक्षा जास्त लागले होते. हे तिला ठाऊक नव्हते. तिला वाटत होते की तो केवळ पैशांच्या गुर्मीत बोलला.

काय मिटले, काय राहिले

येथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, आणि बहुतेक जोडपी त्या एकत्र गुंडाळतात. पहिली गोष्ट म्हणजे वापरलेले शब्द. त्यांची माफी स्वतंत्र मागावी लागते, मुद्दा कोणाचा बरोबर होता याची वाट न पाहता. तिने सासूबद्दलच्या वाक्याची माफी मागितली. त्याने न सांगता निघून गेल्याची मागितली. "माझं चुकलं, पण तूही..." असे म्हटले की माफी तेथेच संपते. "पण" गाळायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे या वेळचा व्यवहार. तो कागदावर ठरतो. सोमवारी जोडखात्याचा अर्ज भरायचा, आणि पाच हजारांच्या वरचा खर्च कोणालाही द्यायचा असेल तर आधी एकमेकांना सांगायचे असे ठरले. परवानगी घ्यायची असे नव्हे, सांगायचे. हा फरक त्याच्यासाठी महत्त्वाचा होता आणि तिला तो मान्य होता.

तिसरी गोष्ट मिटली नाही. बहीण-भावांसाठी किती करावे याबद्दल दोघांची मते वेगळीच आहेत. ती एकटी मुलगी म्हणून वाढलेल्या आईच्या घरातून आली आहे, जेथे हिशेब चोख असतो. तो अशा घरातला आहे जेथे मागितले की द्यायचे. हा फरक बहुधा आयुष्यभर राहील. गॉटमन यांच्या अमेरिकन जोडप्यांच्या अभ्यासात सुमारे ६९ टक्के मतभेद असे कायमचे निघाले, आणि ते सुखाने नांदणाऱ्या जोडप्यांतही होते. आकडा आपल्याकडे तंतोतंत तोच असेल असे नाही, पण कोणत्याही तीस वर्षे संसार केलेल्या जोडप्याला विचारा, एखादा जुना वाद अजून जिवंत असल्याचे ते हसत सांगतील. ते हसत सांगतात, हीच त्यातली मेख आहे.

तेव्हा पहिल्या भांडणाने काय कळते? लग्न चुकले की बरोबर ठरले, हे त्यातून कळत नाही. आपण दोघे कसे भांडतो, कोण आवाज चढवतो, कोण मिटतो, आणि कुठल्या शब्दाने कोणाला कायमची जखम होते, हे कळते. काळजी करावी ती भांडणाच्या मोठेपणाची नव्हे, तिरस्काराची. नक्कल करणे, कुत्सित हसणे, शिक्षण, माहेर वा रूप काढून बोलणे हे वरचेवर होऊ लागले, आणि माफी मागणे व ती घेणे दोन्ही बंद पडले, तर महिना-दोन महिन्यांत समुपदेशकाकडे जावे.

माहेरी किती सांगावे?

रविवारी वडील व भाऊ ठरल्याप्रमाणे आले. तोवर दोघांत बोलणे झाले होते, आणि ती त्यांच्याबरोबर गेली नाही. परंतु भावाने जावयाशी त्या दिवशी हात मिळवला नाही, आणि दिवाळीपर्यंत ते अवघडलेपण राहिले. याचे कारण उघड आहे. मुलीने रात्री साडेअकराला रडत सांगितलेली बाजू आईच्या मनात ठसते, पण शनिवारी झालेला समेट आईने पाहिलेला नसतो. मुलगी विसरते, आई विसरत नाही. मुलानेही आपल्या आईला सांगितले तर हेच घडते. म्हणून पहिल्या रात्री, नाडी उतरेपर्यंत, फोन करू नये. मन मोकळे करायचेच असेल तर एकच व्यक्ती निवडावी, जी दोघांनाही चांगले म्हणते. आणि जिला भांडण सांगितले तिला समेटही सांगावा.

घटस्फोटाचा शब्द रागात सहज निघतो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या पहिल्या वर्षात, अपवादात्मक हालअपेष्टा सोडल्यास, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. धमकी म्हणून तो शब्द वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जेथे हे उपाय लागू नाहीत

वर लिहिलेले सर्व दोन माणसांच्या भांडणाला लागू आहे, मारहाणीला नाही. एक थप्पडही भांडण नव्हे. गळा धरणे, वस्तू फेकून मारणे, कोंडून ठेवणे, फोन काढून घेणे, माहेरहून पैसे आणण्याचा तगादा, शरीरसंबंधाची जबरदस्ती, यांपैकी काही असेल तर फिरायला जाऊन बोलत बसू नये, आणि माहेरी सांगण्याला उशीर करू नये. ओळखण्याची एक खूण सांगतो. भांडणानंतर मनात राग किंवा दुःख असेल तर ते भांडण होते. समोरचा माणूस घरात शिरताच पोटात भीतीने गोळा येत असेल तर ते वेगळे काही आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. जगणे नको असे विचार येत असतील, मग तो नवरा असो वा बायको, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

धडधडीबद्दलही एक सूचना. तिच्याबरोबर चक्कर, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, अथवा समेट होऊनही ती आठवडाभर टिकली, तर भांडणावर खापर न फोडता तपासून घ्यावे.

आमची ही शिक्षिका पंधरा दिवसांनी लोहाच्या गोळ्या संपल्या म्हणून पुन्हा आली. नाडी ७८ होती. मी विचारले, "आता भांडण होत नाही ना?" ती म्हणाली, "परवाच झालं. पण ते गच्चीवर गेले तेव्हा किती वाजता येणार ते सांगून गेले, आणि पाच मिनिटं आधीच आले."